ट्रान्समॉन दोन पातळ्यांचा अणू नाही, आणि रीडआउटमध्ये तो फोटॉन गिळतही नाही

> “ट्रान्समॉन म्हणजे चिपवर बनवलेला दोन पातळ्यांचा अणू. तो वाचायचा तर त्याच्यावर मायक्रोवेव्ह फोटॉन सोडायचा. क्यूबिट ० मध्ये असेल तर फोटॉन शोषला जातो, १ मध्ये असेल तर पार निघून जातो. रेझोनेटर म्हणजे तिथपर्यंत सिग्नल नेणारी नळी. रेझोनेटरची वारंवारता किती सरकेल ते g²/Δ या सूत्राने काढा, आणि सिग्नल धूसर आला तर पॉवर वाढवा.”

ट्रान्समॉन या सुपरकंडक्टिंग क्यूबिटबद्दलचा हा मजकूर इतक्या वेळा पुढे पाठवला गेला आहे, की नव्याने शिकणारे तो पाठच्या पाठ सांगतात. त्यातली काही विधानं सरळ चुकीची आहेत. काही एका जुन्या उपकरणाच्या बाबतीत खरी होती, पण ट्रान्समॉनला लागू पडत नाहीत. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रकाराची, कारण ती अर्धी खरी असल्याने तपासली जात नाहीत. पहिलं वाक्य खरं मानून पाचव्या वाक्यातलं सूत्र वापरलं, तर खाली घेतलेल्या अगदी सर्वसाधारण चिपसाठी उत्तर नऊपट चुकतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक चिप ठरवून घेऊ. तिच्यातल्या जोसेफसन जंक्शनची ऊर्जा E_J ही वारंवारतेच्या भाषेत १२.५ गिगाहर्ट्झ आहे, आणि कपॅसिटरची चार्जिंग ऊर्जा E_C ही ०.२५ गिगाहर्ट्झ. दोन्हींचं गुणोत्तर ५०. यातून क्यूबिटची वारंवारता ४.७५ गिगाहर्ट्झ येते. ती कशी येते ते पुढे पाहू. शेजारच्या रेझोनेटरची स्वतःची वारंवारता ६.७५ गिगाहर्ट्झ आहे आणि दोघांमधली जोड g ही १०० मेगाहर्ट्झ. क्यूबिट वजा रेझोनेटर हे अंतर Δ म्हणजे उणे २ गिगाहर्ट्झ. सगळा हिशेब याच आकड्यांवर करतो.

शोषण कुठे होतं?

कुठेच होत नाही. वाचनासाठी पाठवलेला सिग्नल ६.७५ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि क्यूबिटला ० वरून १ वर जायला ४.७५ गिगाहर्ट्झचा फोटॉन लागतो. क्यूबिटचं आयुष्य T1 हे ५० मायक्रोसेकंद धरलं, तर त्याच्या संक्रमणाची रुंदी साधारण ३ किलोहर्ट्झ निघते. म्हणजे सिग्नल आणि संक्रमण यांच्यातली दरी त्या रुंदीच्या लाखो पट आहे. इतक्या दूरचा फोटॉन क्यूबिट उचलूच शकत नाही, आणि ही दरी मुद्दाम ठेवलेली असते.

शिवाय शोषणाचं चित्र स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतं. ० मधला क्यूबिट फोटॉन शोषून घेत असेल तर तो १ मध्ये जाईल. म्हणजे उत्तर वाचताना उत्तर बदललं. प्रत्यक्षात पहिलं वाचन ० आलं, की लगेच केलेलं दुसरं वाचनही बहुतांशी ० च येतं, आणि १ चंही तसंच, मधल्या वेळात क्यूबिट आपणहून खाली पडला नाही तर. असं दोनदा वाचून पाहणं ही प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी आहे.

मग होतं काय? फोटॉन रेझोनेटरमध्ये शिरतो, थोडा काळ तिथे घुटमळतो आणि बाहेर पडतो. बाहेर पडताना त्याची फेज किती वळली असेल हे त्याची वारंवारता रेझोनेटरच्या अनुनादापासून किती दूर आहे यावर ठरतं. आणि तो अनुनाद नेमका कुठे बसला आहे, हे क्यूबिटच्या स्थितीवर अवलंबून असतं. क्यूबिट ० मध्ये असताना अनुनाद एका जागी, १ मध्ये असताना किंचित सरकलेल्या जागी. आपण क्यूबिटला हात न लावता रेझोनेटरची जागा मोजतो आणि त्यावरून क्यूबिट ओळखतो. डिस्पर्सिव्ह रीडआउट म्हणतात ते हेच. रेझोनेटरला नळी म्हणणं म्हणूनच चूक आहे. नळीतून सिग्नल नुसता जातो. इथे मोजमाप ज्या वस्तूचं होतं ती वस्तूच रेझोनेटर आहे.

आता खरा प्रश्न: अनुनाद का सरकतो, आणि किती? त्यासाठी पहिल्या वाक्यापाशी जावं लागतं.

दोन पातळ्या आल्या कुठून

या समजुतीला इतिहास आहे आणि तो समजून घेणं न्यायाचं ठरेल. येल विद्यापीठात २००४ साली सुपरकंडक्टिंग क्यूबिट आणि मायक्रोवेव्ह रेझोनेटर यांची घट्ट जोड प्रयोगात दाखवली गेली. तो क्यूबिट कूपर-पेअर बॉक्स होता. त्याच्या कामाच्या बिंदूवर खालच्या दोन पातळ्या जवळजवळ आणि तिसरी खूप वर असते, म्हणून त्याला दोन पातळ्यांचा अणू म्हणणं बरोबर होतं, आणि g²/Δ हे सूत्रही त्याला लागू होतं. अडचण वेगळीच होती. चिपवर आसपास एखादा विद्युतभार हलला, की त्याची वारंवारता पार भरकटायची.

२००७ मध्ये येलमधूनच ट्रान्समॉनची मांडणी आली. जंक्शनला समांतर मोठा कपॅसिटर जोडून E_C लहान करायची आणि E_J/E_C हे गुणोत्तर ५० किंवा त्याहून वर न्यायचं, एवढीच मूळ कल्पना. भारामुळे होणारी भरकट या गुणोत्तराबरोबर घातांकी वेगाने घटते; तिच्यात e^(−√(8E_J/E_C)) असा घटक असतो. आपल्या चिपसाठी हा घटक e^(−20), म्हणजे एक अब्जांशाच्या घरातला. पुढचे गुणक धरूनही क्यूबिटच्या वारंवारतेतली भरकट १० किलोहर्ट्झच्या आसपास उरते. जुन्या बॉक्समध्ये ती गिगाहर्ट्झमध्ये मोजावी लागे.

या सुधारणेची किंमत अॅनहार्मोनिसिटीत मोजावी लागली. पातळ्यांमधल्या अंतरांचा वेगळेपणा कमी झाला. पण तो घातांकी वेगाने घटत नाही, गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे सावकाश घटतो, म्हणून हा सौदा परवडला. मात्र सौदा झाल्यावर हाती आलेली वस्तू दोन पातळ्यांचा अणू राहिली नाही. ती जवळजवळ सरळ वागणारा दोलक झाली.

लंबकाकडे पाहा

ट्रान्समॉनचं हॅमिल्टोनियन असं आहे: H = 4E_C(n − n_g)² − E_J cos φ. यात n म्हणजे पलीकडे गेलेल्या कूपर जोड्यांची संख्या, n_g म्हणजे बाहेरच्या भाराचा परिणाम आणि φ म्हणजे जंक्शनवरचा फेज-फरक. हे समीकरण नीट पाहिलं तर ते भिंतीवरच्या लंबकाचंच समीकरण आहे. E_J cos φ हा गुरुत्वाकर्षणाचा भाग आणि 4E_C n² हा गतिज ऊर्जेचा. E_C लहान म्हणजे लंबक जड. जड लंबक तळाशी थोडासाच हलतो. आपल्या चिपवर किमान ऊर्जेच्या स्थितीत φ ची क्वांटम थरथर (2E_C/E_J)^(1/4), म्हणजे सुमारे ०.४५ रेडियन आहे, साधारण २५ अंश.

एवढ्या छोट्या झोक्यासाठी कोसाइनची खोली तळाशी परवलयासारखी दिसते. −E_J cos φ उलगडलं की आधी E_Jφ²/2 मिळतं. तो शुद्ध हार्मोनिक दोलक, वारंवारता √(8E_J E_C), आपल्याकडे नेमकी ५ गिगाहर्ट्झ. त्यानंतर −E_Jφ⁴/24 हे छोटं पद येतं. झोका मोठा झाला की लंबकाचा फेरा लांबतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तोच परिणाम क्वांटम भाषेत असा दिसतो, की वर चढत जाल तसतशी पायरी बुटकी होत जाते. पहिली पायरी √(8E_J E_C) − E_C, म्हणजे ४.७५ गिगाहर्ट्झ. दुसरी ४.५०, तिसरी ४.२५. दर पायरीला कमी होणारी ही ०.२५ गिगाहर्ट्झ म्हणजेच अॅनहार्मोनिसिटी α, जवळपास −E_C इतकी. (उलगड्यातली पुढची पदं धरली तर α चा आकडा थोडा मोठा येतो, इथे तो उणे २५० मेगाहर्ट्झच धरू.)

कोसाइनची खोली तळापासून माथ्यापर्यंत 2E_J, म्हणजे २५ गिगाहर्ट्झ आहे. याच हिशेबाने त्यात साधारण सहा पातळ्या मावतात. ४.७५ मधले ०.२५ म्हणजे जेमतेम पाच टक्के. पायऱ्या समान असण्यापासून हा दोलक फक्त पाच टक्के ढळलेला आहे. “वीकली अॅनहार्मोनिक” या शब्दांत नेमकं एवढंच सांगितलेलं आहे.

क्यूबिट म्हणून वापरायला हे पाच टक्के पुरतात, कारण ४.७५ वर दिलेली पल्स ४.५० वरच्या संक्रमणाला फारशी भिडत नाही. मात्र पल्स पुरेशी लांब हवी. २५० मेगाहर्ट्झचा व्यस्त ४ नॅनोसेकंद. त्याच्या जवळपास जाणारी आखूड पल्स वारंवारतेत इतकी पसरते, की क्यूबिटचा काही भाग २ मध्ये गळतो. म्हणून पल्स सहसा २० नॅनोसेकंद किंवा त्याहून लांब ठेवतात आणि तिचा आकार ड्रॅग या तंत्राने दुरुस्त करतात. दोन पातळ्यांच्या अणूला अशा दुरुस्तीची गरजच पडली नसती.

g²/Δ नेमकं कुठे चुकतं

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळं मर्म याच जागी आहे.

आधी एक विचारप्रयोग. दोन सरळ दोलक, दोन्ही अगदी शुद्ध हार्मोनिक, एका हलक्या स्प्रिंगने जोडले. जोडल्यामुळे दोघांच्या वारंवारता थोड्या सरकतील, एकमेकांपासून दूर ढकलल्या जातील. पण पहिल्याला जोरात झुलवलं म्हणून दुसऱ्याची वारंवारता बदलेल का? नाही. रेखीय व्यवस्थेत गती एकमेकींवर नुसत्या चढतात. एकीचा विस्तार दुसरीची वारंवारता ठरवत नाही. म्हणजे ट्रान्समॉन शुद्ध हार्मोनिक असता, तर तो ० मध्ये आहे की १ मध्ये हे रेझोनेटरला कधीच कळलं नसतं. जोड g कितीही वाढवा, वाचनाचा सिग्नल शून्य.

आता हेच आकड्यांत. ट्रान्समॉनची प्रत्येक पायरी रेझोनेटरला ढकलते. ट्रान्समॉन ज्या पातळीवर असेल तिच्या खालची पायरी एका दिशेने ढकलते आणि वरची पायरी उलट दिशेने. ० च्या खाली पायरी नाही, म्हणून तिथे फक्त वरचा ढकला उरतो: −g²/Δ, म्हणजे अधिक ५ मेगाहर्ट्झ. १ मध्ये असताना खालच्या पायरीचा ढकला उणे ५ होतो. दोन पातळ्यांचं चित्र इथेच थांबतं आणि म्हणतं, एकात अधिक ५ आणि दुसऱ्यात उणे ५, म्हणजे फरक १० मेगाहर्ट्झ.

पण १ च्या वर २ आहे. त्या पायरीची जोड √2 पट मोठी आहे, कारण दोलकात वर चढताना जोड अशीच वाढते. वर्ग केला की दुप्पट. तिचं रेझोनेटरपासूनचं अंतर Δ + α, म्हणजे उणे २.२५ गिगाहर्ट्झ. तिचा ढकला −2g²/(Δ+α), म्हणजे अधिक ८.८९ मेगाहर्ट्झ. उणे ५ आणि अधिक ८.८९ मिळून अधिक ३.८९. म्हणजे रेझोनेटर दोन्ही स्थितींत वरच सरकतो: ० मध्ये ६.७५५०० वर, १ मध्ये ६.७५३८९ वर. फरक १.११ मेगाहर्ट्झ. दहा नव्हे.

हाच हिशेब एका ओळीत लिहिला तर χ = (g²/Δ)·α/(Δ+α), आणि दोन जागांमधलं अंतर 2χ. जुन्या सूत्राला लागलेला α/(Δ+α) हा गुणक आपल्या चिपसाठी एक नवमांश आहे. α शून्य केली की χ शून्य. विचारप्रयोगातलं उत्तर परत मिळालं. α प्रचंड मोठी केली की गुणक १ होतो आणि g²/Δ परत येतं. तो जुना कूपर-पेअर बॉक्स. ज्यांना स्वतः करून पाहायचं आहे त्यांनी एवढं चालवावं:

```python
g, d, a = 100, -2000, -250    # MHz
def pull(j):
    down = j * g**2 / (d + (j - 1) * a)
    up = (j + 1) * g**2 / (d + j * a)
    return down - up
print([round(pull(j), 2) for j in range(3)])
# [5.0, 3.89, 3.11]
```

यात `a = 0` घालून बघा. तिन्ही आकडे ५ येतात. मग `a` उणे २५०, उणे १०००, उणे १०००० असं वाढवत न्या. दुसरा आकडा शून्याखाली उतरत उणे ५ कडे सरकताना दिसेल. माझ्या मते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. (हिशेबात वेगाने फिरणारी पदं सोडली आहेत, ती धरली तर χ मध्ये या चिपसाठी तीनेक टक्क्यांचाच फरक पडतो.)

अंदाजासाठी याहून सोपी वाटही आहे. Δ जर α पेक्षा बराच मोठा असेल, तर 2χ जवळपास 2α(g/Δ)² इतकं असतं. (g/Δ)² म्हणजे रेझोनेटरच्या कंपनात जंक्शनचा किती वाटा मिसळला आहे ते, इथे चारशेत एक. तेवढ्या वाट्यापुरती ट्रान्समॉनची अरेखीयता रेझोनेटरला जाणवते. यातून १.२५ मेगाहर्ट्झ येतात, खऱ्या १.११ च्या पुरेसे जवळ.

एक अपवाद सांगायला हवा. रेझोनेटरची वारंवारता ४.५० आणि ४.७५ यांच्या मधोमध ठेवली, तर दोन्ही पायऱ्यांचे ढकले एकमेकांना खोडण्याऐवजी एका दिशेने लागतात आणि χ मोठा होतो. पण तिथे Δ जेमतेम १२५ मेगाहर्ट्झ उरतो, म्हणून g खूपच लहान ठेवावी लागते.

नऊपट चुकीचं पुढे काय होतं

चिप आखणाऱ्याला रेझोनेटरची रुंदी κ ठरवावी लागते, म्हणजे फोटॉन किती लवकर बाहेर पडावा हे. ठरावीक फोटॉनसंख्येला सर्वांत चांगला सिग्नल 2χ = κ असताना मिळतो. सिग्नल दोन अनुनादांच्या मधोमध लावला आणि परावर्तनात मोजलं, तर या जुळणीला ० आणि १ यांच्या फेजमध्ये पूर्ण १८० अंशांचा फरक पडतो. इतकी स्वच्छ फारकत दुसरी नाही.

आता समजा कोणी g²/Δ वर भरवसा ठेवून 2χ हे १० मेगाहर्ट्झ धरलं आणि κ सुद्धा १० मेगाहर्ट्झची आखली. चिप थंड झाली, मोजमाप सुरू झालं. खरा 2χ १.११ असल्याने फेजमधला फरक २५ अंशांवर आला. मोजलेल्या सिग्नलचे दोन घटक ज्यावर मांडतात त्या आयक्यू प्रतलावर ० आणि १ चे जे दोन ठिपके-समूह लांब उभे राहायला हवे होते, ते एकमेकांत घुसलेले दिसतात. इथे बहुतेकांचा संशय आधी अॅम्प्लिफायरवर आणि केबलवर जातो, आणि त्यात दिवस जातात.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. रेझोनेटरमधून क्यूबिटचीही ऊर्जा गळते, आणि तो दर κ(g/Δ)² इतका असतो. याला पर्सेल क्षय म्हणतात. κ १० मेगाहर्ट्झ असेल तर एवढ्या एका कारणानेच T1 ची कमाल मर्यादा ६.४ मायक्रोसेकंद होते. κ १.११ असती तर ती ५७ झाली असती. एका चुकीच्या गुणकामुळे वाचन धूसर झालं आणि क्यूबिटचं आयुष्यही गेलं. १.११ मेगाहर्ट्झची रुंदीही तशी मंदच आहे, रेझोनेटर भरायलाच काही शे नॅनोसेकंद जातात. म्हणून वेगवान वाचन हवं असणारे χ आणि κ दोन्ही वाढवतात आणि गळती अडवायला मध्ये पर्सेल फिल्टर घालतात. पण तो मार्गही खरा χ माहीत असला तरच आखता येतो.

पॉवर वाढवण्याचा सल्ला

रेझोनेटरमध्ये जास्त फोटॉन म्हणजे बाहेर येणारा सिग्नल मोठा, इथपर्यंत ठीक. पण वर केलेला सगळा हिशेब फोटॉन कमी असतानाचा आहे. त्याची एक ढोबळ हद्द Δ²/4g² या आकड्याने दाखवतात. आपल्याकडे १०० फोटॉन. अनेकजण ही हद्द सुरक्षित मानतात. तीही दोन पातळ्यांच्या चित्रातूनच आलेली आहे. खऱ्या ट्रान्समॉनला वर आणखी पातळ्या असतात, आणि फोटॉन वाढले की क्यूबिटची वारंवारता प्रत्येक फोटॉनमागे 2χ ने, म्हणजे १.११ मेगाहर्ट्झने खाली घसरते. २० फोटॉनना ती २२ मेगाहर्ट्झ घसरलेली असते. असं सरकता सरकता एखाद्या आकड्यावर ० किंवा १ ची ऊर्जा, काही फोटॉन धरून, वरच्या कुठल्यातरी पातळीच्या ऊर्जेशी जुळते आणि क्यूबिट तिकडे उडी मारतो. कधी तर कोसाइनच्या खोलीबाहेरच. मोजमापानेच घडवलेली ही संक्रमणं २०१६ साली गूगलच्या गटाने सविस्तर दाखवली. ती हद्दीच्या बऱ्याच आत सुरू होऊ शकतात.

ओळखायचं कसं? पॉवर वाढवत जाताना अचूकता आधी सुधारते, मग एका टप्प्यावर अचानक पडते. आयक्यू प्रतलावर तिसरा समूह उगवतो. मात्र तो फसवा असतो. आपल्या चिपवर, κ बरोबर आखलेली असताना, २ चा समूह १ च्या समूहापासून परावर्तनात फक्त ४५ अंशांवर येतो, तर ० पासून तो १३५ अंशांवर असतो. फक्त ० आणि १ मध्ये निवड करणारा प्रोग्राम त्याला बिनदिक्कत १ म्हणतो. म्हणून वाचनाची जुळणी करताना क्यूबिट मुद्दाम २ मध्ये नेऊन त्याचा समूह कुठे पडतो हे आधी नोंदवून ठेवावं, असं मी आग्रहाने सांगेन.

धूसर सिग्नलवर खरा इलाज वेगळा आहे. पहिला फोर-केल्विन टप्प्यावरचा अॅम्प्लिफायर स्वतः दहाएक फोटॉनांएवढा आवाज मिसळतो, म्हणून त्याच्या आधी क्वांटम मर्यादेजवळ काम करणारा जोसेफसन पॅरामेट्रिक अॅम्प्लिफायर लावतात. त्यानंतर वेळ. ५० मायक्रोसेकंद T1 असताना एक मायक्रोसेकंद वाचलं तर मध्येच खाली पडण्यामुळे होणारी चूक साधारण एक टक्का. दोन्हींतला तोल तिथे साधायचा.

स्वतःच्या चिपवर तपासून पाहा

यातलं काहीही माझ्या शब्दावर मानण्याची गरज नाही. तीन मोजमापं पुरेशी आहेत.

पहिलं: रेझोनेटरचा अनुनाद आधी अगदी कमी आणि मग खूप जास्त पॉवरवर पाहा. कमी पॉवरला तो ६.७५५ वर दिसेल. पॉवर पुरेशी वाढली की ट्रान्समॉनचा प्रभाव नाहीसा होऊन अनुनाद ६.७५० या मूळ जागी परततो. याला पंच-आउट म्हणतात. हा ५ मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे g²/Δ. फिरणाऱ्या मजकुरातल्या सूत्राची खरी जागा ही आहे. ते ० मध्ये असलेल्या ट्रान्समॉनने रेझोनेटरला किती ढकललं हे सांगतं. ० आणि १ यांतला फरक सांगत नाही. Δ माहीत असल्याने यातून g मिळते.

दुसरं: क्यूबिटचा वर्णपट जास्त पॉवरवर घ्या. ४.७५० च्या शिखराशेजारी ४.६२५ वर एक अरुंद शिखर उगवेल. ते दोन फोटॉन एकदम घेऊन ० वरून थेट २ वर जाण्याचं आहे, म्हणूनच ते ४.७५ आणि ४.५० यांच्या बरोबर मधोमध पडतं. मुख्य शिखरापासूनचं अंतर दुप्पट केलं की α मिळाली, २५० मेगाहर्ट्झ. दोन पातळ्यांच्या अणूत हे शिखर असूच शकत नाही.

तिसरं: कमी पॉवरवर रेझोनेटरचा अनुनाद दोनदा मोजा, एकदा क्यूबिट ० मध्ये ठेवून आणि एकदा पाय-पल्स देऊन १ मध्ये नेल्यावर. दोन दऱ्यांमधलं अंतर म्हणजे 2χ. आता पहिल्या दोन मोजमापांतून आलेल्या g आणि α वरून हेच अंतर आधी कागदावर काढून ठेवा. कागदावर १.१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा असेल, आणि काही टक्क्यांच्या फरकाने पडद्यावरही तोच दिसेल.